दिवाळी पहाटसाठी हॉलच्या मॅनेजरना मेल: साइट व्हिजिट आणि तीन गोष्टी लेखी हव्यात, मसुदा बघाल का?

गौरी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची दिवाळी पहाट या वर्षी पहिल्यांदाच नाट्यगृहाऐवजी एका ट्रस्टच्या हॉलमध्ये आहे, नरक चतुर्दशीला पहाटे ५:३० ला सुरू, मग ९ पर्यंत गाणी आणि नंतर फराळ. हॉल पहिल्या मजल्यावर आहे. डिपॉझिट भरून झालंय, पावती मिळाली, पण पावतीवर फक्त तारीख आणि "वेळ सकाळी ५ ते १०" एवढंच लिहिलंय. किती माणसं बसतील विचारलं तर मॅनेजर म्हणाले ४५० आरामात, लाइटचं विचारलं तर म्हणाले भरपूर पॉवर आहे ताई, चारही एसी चालतात. आम्ही ३५० पासेस छापायला देणार आहोत म्हणून मला हे लेखी हवंय. मेल असा लिहिलाय:

"मा. व्यवस्थापक यांस, स.न.वि.वि. आमच्या कार्यक्रमासाठी आपला हॉल आरक्षित केला आहे. कार्यक्रमापूर्वी हॉल बघण्यासाठी सोयीची वेळ कळवावी. तसेच हॉलची क्षमता, वीजपुरवठा आणि प्रवेशाची वेळ याबाबत लेखी माहिती द्यावी ही विनंती. कळावे, आपली नम्र."

बरोबर आहे का? उद्या पाठवायचाय.

प्रथमेश९२
ताई आधी भाड्याचं बोलून घ्या, दिवाळीत सगळे दुप्पट सांगतात, माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला आम्ही तीन हॉल फिरून मग एकाला २० टक्के कमी करायला लावलं होतं. डेकोरेशन बाहेरचं चालतं का तेही विचारा, नाहीतर त्यांचाच माणूस घ्यावा लागतो.

गौरी_डोंबिवली
प्रथमेश, भाडं ठरलंय रे, तो विषय नाही. पण बाहेरचा लाइटवाला चालतो का हे विचारायचं राहिलंच होतं, ते घालते.

शिरीष_काका
गौरी, मेल चांगला आहे पण एवढी काळजी कशाला. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे आदल्या रात्री हॉल रिकामाच असणार, संध्याकाळीच सामान नेऊन लावून टाका. मोठा प्रश्न दुसराच आहे. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालचा नियम आहे, म्हणजे तुमचा ५:३० चा कार्यक्रम स्पीकरवर करताच येणार नाही. मॅनेजरकडून त्याचीच लेखी परवानगी घ्या आधी.

लाइटवाला_मिरज
गौरीताई, मी २२ वर्षं साउंड-लाइटचं काम करतोय, पहाटेचे कार्यक्रम दरवर्षी करतो. तुमचा मेल वाचून मॅनेजर काय उत्तर देणार ते मी आत्ताच सांगतो: "क्षमता ४५०, वीज थ्री फेज, वेळ ५ ते १०." झालं, तुम्हाला लेखी मिळालं आणि हातात काही आलं नाही. जे विचारलंय त्याला एका शब्दात उत्तर देता येतं हीच अडचण आहे.

शिरीषकाकांचं आधी. वेळेचं बरोबर आहे, १० ते ६ म्हणजे नियमात रात्रच. पण त्याच नियमात बंद जागेला सूट आहे, सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल वगैरे, आतल्या लोकांपुरता आवाज असेल तर. म्हणजे आत दारं-खिडक्या बंद करून चालतं, पण खाली गेटवर सनईचा स्पीकर लावलात तर तो ६ नंतरच. आणि स्पीकरची परवानगी मॅनेजर देऊच शकत नाही, ते काम पोलिसांचं आहे.

आता वेळ. "५ ते १०" याचा अर्थ तुम्ही काय धरलाय आणि त्यांनी काय धरलाय? तुमच्यासारखा सेट लावायला मला चार तास लागतात, मग कलाकारांचा साउंड चेक किमान पाऊण तास. ५ ला दार उघडलं तर ५:३० ला पडदा कसा उघडणार. आदल्या रात्री नक्की काय आहे तिथे, ते विचारलंत का? लग्न नसेल हो, पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात असे हॉल प्रदर्शन आणि विक्रीला जातात, कंदील, फराळ, ड्रेस मटेरियल. ते लोक ९ ला बंद करतात आणि टेबलं, पडदे, स्टॉल काढता काढता साडेअकरा वाजतात.

हॉलची मापं आहेत का तुमच्याकडे? आणि लाइटवाल्याने काय काय आणणार त्याची यादी दिलीये का? असेल तर इथे टाका, मेल त्यातूनच निघेल.

अनुजा_एनजे
आमच्याकडे न्यू जर्सीत मंडळाचे कार्यक्रम शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होतात आणि तिथे वेळ ही कस्टोडियनच्या ड्युटीवर मोजतात, म्हणजे तो दार उघडतो तेव्हापासून तो कुलूप लावतो तोपर्यंत. पहिल्या वर्षी आम्ही कार्यक्रमाची वेळ लिहिली, सेटअपची नाही, दोन तास सगळे कलाकार थंडीत पार्किंगमध्ये उभे होते. तेव्हापासून फॉर्मवर चार वेळा वेगळ्या लिहितो: सामान आत, लोक आत, लोक बाहेर, सामान बाहेर. भारतात कसं असतं माहीत नाही पण हे चार आकडे कुठेही उपयोगी पडतील असं वाटतं.

गौरी_डोंबिवली
मिरजदादा तुम्ही म्हणालात तसंच निघालं, आत्ता फोन केला, आदल्या दिवशी खरंच दिवाळी प्रदर्शन आहे, तीन दिवसांचं. मॅनेजर म्हणाले "९ ला संपतं, तुम्ही १० ला या." पावतीवर मात्र ५ च.

मापं: हॉल ८० फूट बाय ४५ फूट, त्यातच एका टोकाला १६ फूट खोल स्टेज. लाइटवाल्याची यादी: १६ एलईडी पार, ४ मूव्हिंग हेड, चेहऱ्यावर उबदार प्रकाश हवा म्हणून ६ हॅलोजन एक-एक हजार वॉटचे, मागे एलईडी वॉल. साउंड वेगळा. आणि फराळवाल्याचा चहाचा इलेक्ट्रिक बॉयलर.

लाइटवाला_मिरज
हे बेस्ट केलंत. आता बघा.

क्षमता. ८० मधून स्टेजचे १६ गेले, राहिले ६४ बाय ४५, म्हणजे साधारण २६८ चौरस मीटर. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये खुर्च्या मांडलेल्या जागेला माणशी ०.६ चौरस मीटर धरतात, भागून ४४६ येतात. मॅनेजरचे ४५० बहुतेक इथूनच आलेत, ते खोटं बोलत नाहीयेत. पण त्या हिशोबात तुमचा साउंडचा कन्सोल नाही, फराळाची टेबलं नाहीत, मधली वाट नाही. खुर्ची मांडून बघू. स्टेजपुढे ६ फूट मोकळे, मागे कन्सोल आणि फराळाला १० फूट, राहिले ४८ फूट, एका रांगेला ३ फूट धरले तर १६ रांगा. रुंदीत मधली वाट ५ फूट, दोन्ही भिंतींकडे साडेतीन-साडेतीन, उरलेल्यात पावणेदोन फुटाची खुर्ची एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला ९. १६ गुणिले १८, २८८. तुम्ही पासेस ३५० छापताय. मॅनेजरनी ४५० लेखी दिले असते तरी त्या पहाटे ६२ माणसं भिंतीला टेकून उभी, आणि ती नेमकी वाटेत आणि दारात उभी राहतात.

म्हणून "क्षमता किती" असं विचारू नका, "सोबतच्या मांडणीप्रमाणे २८८ खुर्च्या, तीन वाटा आणि सगळी दारं मोकळी, हे मान्य आहे का" असं विचारा. दारं किती, कुठे उघडतात, एखादं प्रदर्शनाच्या सामानाने अडवलेलं असतं का, हे जाऊन बघा. आणि फायरची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, शेवटच्याची झेरॉक्स मागा. देणारा हॉल लगेच देतो.

शिरीष_काका
मग पुढे भारतीय बैठक करा ना, गादीवर माणसं जास्त मावतात. नाट्यगृह नसल्याचा तेवढाच फायदा.

लाइटवाला_मिरज
काका, मलाही आधी तसंच वाटायचं. खुर्च्यांच्या पुढच्या चार रांगा काढल्या तर १२ फूट मिळतात, तिथे ७२ माणसं होती. गादीवर मांडी घालून माणसाला रुंदी २ फूट आणि खोली अडीच फूट तरी लागतेच, म्हणजे तिथे ७५ च्या आसपास बसतात. फरक दोन-चार जणांचा, आणि पहाटेला येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे, त्यांना खाली बसवत नाही. बैठक शोभेसाठी करा, संख्येसाठी नको.

आता वीज. यादीवरून माझा अंदाज, नक्की आकडे तुमच्या लाइटवाल्याकडून घ्या: पार साधारण २.४ किलोवॅट, मूव्हिंग हेड १.२, हॅलोजन ६, एलईडी वॉल ४, साउंड ३, बॉयलर ३. झाले १९.६. तीन फेजवर अगदी सारखं वाटलं तर फेजला साधारण २८ अँपिअर. सारखं कधीच वाटलं जात नाही. हॉलच्या स्टेजजवळ ३२ चं थ्री फेज असेल तर तुम्ही काठावर आहात, आणि ३२ चं सिंगल फेज असेल तर सरळ ट्रिप, कारण त्यावर जेमतेम ७ किलोवॅट निघतात. "चारही एसी चालतात" याचा स्टेजशी संबंध नाही, एसीची लाइन वेगळी असते. उलट एसी आणि तुम्ही एकाच मेनवर असाल तर तेही मोजावं लागतं.

हॅलोजन काढून चेहऱ्यासाठी २०० वॉटचे वॉर्म एलईडी फ्रेनेल घेतलेत तर ६ चे १.२ होतात, एकूण १४.८, फेजला २१ च्या आसपास. रंग थोडा वेगळा दिसतो, मला स्वतःला हॅलोजनचा उजेड आवडतो पण इथे मी नसता लावला. बॉयलर स्टेजच्या लाइनवर अजिबात नको, तो चालू-बंद होतो तेव्हा साउंडमध्ये टक् ऐकू येतं, त्याला किचनचा पॉइंट मागा.

हे मॅनेजरला विचारून कळणार नाही. त्यांच्या इलेक्ट्रिशियनला व्हिजिटला बोलवा असं मेलमध्येच लिहा, तो आला नाही तर व्हिजिट फुकट. पॅनल उघडून स्टेजच्या लाइनवरचा एमसीबी बघायचा, त्यावर आकडा छापलेला असतो, फोटो काढून घ्यायचा. आणि जनरेटर कुठल्या पॉइंटना जातो ते विचारायचं. बहुतेक ठिकाणी तो पंखे, पॅसेज आणि लिफ्टला असतो, स्टेजला नसतो.

मेधा_वि
मी पुण्यात एका ट्रस्टच्या हॉलचं बुकिंग बघते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्हाला असे मेल आले की भीती वाटते, खरं सांगते. लेखी द्या म्हटलं की मॅनेजरला वाटतं उद्या काही झालं तर हा कागद माझ्यावर येणार, मग तो उत्तरच देत नाही किंवा विश्वस्तांकडे पाठवतो आणि ते महिनाभर बघत नाहीत. मी काय सुचवेन, आधी छोटा मेल फक्त व्हिजिटचा, कोण येणार, कोण हवं, किती वेळ. व्हिजिट झाल्यावर दुसरा मेल, "आज आम्ही हे बघितलं, हे समजलो, चूक असेल तर दुरुस्त करा, बरोबर असेल तर तसं कळवा." मॅनेजरला काही लिहावं लागत नाही, फक्त "बरोबर" म्हणायचं असतं. आणि मेल मॅनेजरच्या स्वतःच्या जीमेलवर नको, ट्रस्टच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, त्यांना सीसी. आमच्याकडे मागच्या वर्षी मॅनेजर बदलले आणि आधीच्यांनी तोंडी दिलेले शब्द कोणालाच माहीत नव्हते.

आणखी एक. रात्री हॉल वापरायचा तर वॉचमन, लिफ्टमन, इलेक्ट्रिशियन थांबवावे लागतात, त्यांचा ओव्हरटाइम कोण देणार हे तुम्हीच आधी लिहिलंत तर आमचं काम सोपं होतं.

प्रथमेश९२
मेल कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, ब्लू टिक आली की झालं ना, तोच पुरावा.

मेधा_वि
ब्लू टिक म्हणजे वाचलं, मान्य केलं असं नाही. त्यांनी "ओके" लिहिलं तर थोडं तरी. पण वाद झालाच तर त्या ओकेचं काय होईल ते मला नक्की सांगता येणार नाही. मी तरी मेलच मागते.

गौरी_डोंबिवली
मेधाताई, मिरजदादा, खूप आभार. मेल दोन भागात करते. पहिला आज पाठवला:

"मा. व्यवस्थापक यांस, स.न.वि.वि. नरक चतुर्दशीच्या दिवाळी पहाट कार्यक्रमाच्या तयारीसाठी येत्या शनिवारी किंवा रविवारी तासभर हॉल बघायचा आहे. आमच्याकडून मी, लाइट-साउंडचे ठेकेदार आणि फराळाचे केटरर असे तिघे येऊ. आपले इलेक्ट्रिशियन हजर राहावेत ही विशेष विनंती, कारण स्टेजचा वीजपुरवठा पॅनलवर बघायचा आहे. सामान नेण्याचा मार्ग, लिफ्ट, दोन्ही दारे, स्टेजची मापे आणि फराळाची जागाही बघू. दोन्ही दिवस सोयीचे नसल्यास आपण वेळ सुचवावी. कळावे, आपली नम्र."

व्हिजिट करून येऊन सांगते.

लाइटवाला_मिरज
मस्त. जाताना टेप न्या. जिन्याच्या वळणाची रुंदी आणि लिफ्टच्या दाराची रुंदी मोजा, साउंडवाल्याला त्याच्या सगळ्यात मोठ्या पेटीचं माप विचारून ठेवा. आणि टेम्पो नेमका कुठे उभा राहतो ते बघा, आत की रस्त्यावर.

गौरी_डोंबिवली
व्हिजिट झाली, रविवारी. जे वाटलं नव्हतं तेच निघालं. लिफ्ट रात्री १०:३० ला बंद करतात, सोसायटीच्या लोकांच्या तक्रारीमुळे असं म्हणाले. म्हणजे साडेअकराला प्रदर्शन उठल्यावर आमचं सगळं सामान जिन्याने. जिन्याचं वळण ३ फूट ९ इंच, साउंडवाल्याची सबवूफरची पेटी उभी करून जाते, आम्ही खोक्याच्या मापाचा पुठ्ठा नेऊन बघितला. स्टेजचं पॅनल उघडलं तर थ्री फेज आहे पण एमसीबी ३२ चा, आणि इलेक्ट्रिशियननी सांगितलं की प्रदर्शनाच्या स्टॉलचे फोकसही त्याच लाइनवरून काढतात. ते रात्री काढून नेतील असं मी गृहीत धरलं होतं, त्यांनी सांगितलं की वायर कधीकधी दुसऱ्या दिवशी दुपारी काढतात. हॅलोजन रद्द केले, लाइटवाला आधी नाराज झाला पण आकडे दाखवल्यावर तयार झाला. दारं दोन, पण मागच्या दाराला प्रदर्शनाच्या खुर्च्यांची चळत लावलेली होती. पासेस २८० वर आणलेत, कमिटीत बरीच वादावादी झाली.

दुसरा मेल काल पाठवला, मुख्य भाग देते:

"रविवारच्या भेटीत आम्हाला समजलेले मुद्दे खाली दिले आहेत. काही चुकले असल्यास कृपया दुरुस्त करावे, बरोबर असल्यास याच मेलला उत्तर देऊन कळवावे.
१. सोबतच्या नकाशाप्रमाणे २८८ खुर्च्या मांडल्या जातील. मधली वाट ५ फूट राहील. मागील दारासमोरील खुर्च्या आदल्या रात्री हलवून ते दार कार्यक्रमभर कुलपाविना राहील.
२. स्टेजला थ्री फेज ३२ अँपिअरची लाइन आहे. आमचा एकूण भार सुमारे १२ किलोवॅट आहे. चहाचा बॉयलर वेगळा, किचनच्या पॉइंटवर असेल. प्रदर्शनाची सर्व जोडणी या लाइनवरून आदल्या रात्री काढली जाईल. जनरेटरचा पुरवठा स्टेजला आहे किंवा नाही, ते कृपया कळवावे.
३. हॉलचा ताबा आदल्या रात्री ११:३० ला मिळेल. सामान रात्री, कलाकार पहाटे ४:१५, प्रेक्षक ५:००, प्रेक्षक बाहेर १०:००, सामान बाहेर ११:३०. लिफ्ट रात्री १ पर्यंत चालू ठेवावी, त्यासाठीचा व इलेक्ट्रिशियन, वॉचमन यांचा जादा खर्च मंडळ देईल, रक्कम कळवावी."

मेधा_वि
हा मेल मला आला असता तर मी दहा मिनिटांत उत्तर दिलं असतं. एकच, "रात्री ११:३० ला" ऐवजी तारीख घालून लिहा, "नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी रात्री ११:३०". मध्यरात्रीच्या वेळांना कुठला दिवस धरायचा यावर आमच्याकडे दोनदा गोंधळ झालाय.

शिरीष_काका
गौरी, खिडक्यांचं काय? हॉल बंद म्हणायचा तर खिडक्या बंद हव्यात आणि २८० माणसं आत म्हणजे एसी हवेतच. आणि खाली सोसायटी आहे जी लिफ्टचीसुद्धा तक्रार करते.

लाइटवाला_मिरज
काकांचा मुद्दा बरोबर आहे, मी तो धरला नव्हता. पहाटे ५ पासून एसी चालू हे मेलमध्ये यायला हवं, तेही वेगळ्या लाइनवर. आणि खिडक्या बंद ठेवूनही खालच्या मजल्यावर बास जाणवतोच, बास पूर्ण थांबवता येत नाही. मी तरी ६ पर्यंत सब कमी ठेवतो, पहिली दोन गाणी भूपाळी-अभंग असतील तर तसंही चालतं.

गौरी_डोंबिवली
तारीख आणि एसी दोन्ही घालून परत पाठवला. आज उत्तर आलं. खुर्च्या आणि दारं: बरोबर. थ्री फेज ३२: बरोबर, एसी वेगळ्या लाइनवर, ५ ला चालू करतील, बॉयलर किचनला. वेळ: ११:३० मान्य, लिफ्ट फक्त १२ पर्यंत, तिघांचे मिळून पैसे रोख घेणार आणि पावती देणार. प्रदर्शनवाल्यांच्या वायरींबद्दल त्यांनी "सांगतो त्यांना" एवढंच लिहिलंय. आणि जनरेटर स्टेजला नाही, फक्त पंखे-पॅसेजला.

लाइटवाला_मिरज
"सांगतो त्यांना" हे उत्तर नाही. प्रदर्शनाच्या आयोजकांचा नंबर मागा आणि तुमचा इलेक्ट्रिशियन रात्री ११ लाच तिथे उभा करा. जनरेटरचं म्हणाल तर मिक्सरला एक यूपीएस लावाच, डिजिटल मिक्सर परत सुरू व्हायला वेळ घेतो, वीज दोन सेकंद गेली तरी गाणं तिथेच तुटतं. स्टेजसाठी भाड्याचा जनरेटर आणायचा की नाही ते तुमच्या बजेटवर, आणि तो खाली उभा राहणार म्हणजे परत सोसायटी.

अनुजा_एनजे
गौरी, लिफ्ट १२ ला बंद आणि ताबा ११:३० ला, म्हणजे अर्ध्या तासात काय काय वर जाईल त्याचा क्रम ठरवलास का?

गौरी_डोंबिवली
हो, आधी सब आणि एलईडी वॉलच्या पेट्या, मग लाइटचे स्टँड, केबलच्या पेट्या जिन्याने मुलं नेतील. भाड्याच्या जनरेटरचं उद्या कमिटीत ठरेल. मॅनेजरना प्रदर्शनवाल्यांचा नंबर मागायला आत्ताच मेल टाकला.